'भाबडा' मेन्शियस : एका प्रतिक्रियेला उत्तर

प्राचीन चीनमधल्या मेन्शियस, शुन्झी आणि हान फेई या विचारवंतांवरच्या माझ्या लेखावर एका वाचकाने लिहिलं आहे:

"माणूस मुळात चांगला, हे मेन्शियसचं म्हणणं निव्वळ भाबडेपणा आहे. शुन्झीने वास्तव ओळखलं, म्हणून त्याचे शिष्य राज्य चालवू शकले. हान फेई तर लेखात नावापुरताच आहे. लिहिण्याआधी मूळ ग्रंथ चाळले असते तर बरं झालं असतं."

नमस्कार. मूळ ग्रंथ चाळायचे नसतात, वाचायचे असतात. असो. हान फेईला मी दोन ओळींत उरकलं, हे मान्य.

पण 'भाबडेपणा'? विहिरीत पडू पाहणारं पोर दिसलं की कुणाच्याही काळजात चर्र होतं, एवढंच मेन्शियस म्हणतो. बघणारा धावत जाऊन पोराला वाचवतोच, असं तो म्हणत नाही. ही कणव म्हणजे चांगुलपणाचा फक्त अंकुर आहे, आणि अंकुर खुडता येतो. छी या चिनी राज्याच्या राजधानीजवळच्या बैल-डोंगराचं उदाहरण त्यासाठीच आहे. रोज कुऱ्हाड चालली, फुटलेले कोंब गुरांनी खाल्ले, डोंगर बोडका झाला. आता बघणारे म्हणतात, इथे झाडं कधी नव्हतीच!

हेच तो छीच्याच श्वान नावाच्या राजाला राज्यकारभाराच्या भाषेत सुनावतो. पोटापाण्याची शाश्वती नसेल तर सामान्य माणसाचं मन थाऱ्यावर राहत नाही; मग तो गुन्हा करतो, आणि तुम्ही त्याला शिक्षा करता. हे प्रजेसाठी जाळं लावणंच झालं. उपाय काय, तर घराभोवती तुती लावू द्या, म्हणजे पन्नाशीच्या माणसाला रेशीम मिळेल. नांगरणी-पेरणीच्या दिवसांत शेतकऱ्याला वेठीला धरू नका, म्हणजे आठ माणसांचं घर उपाशी राहणार नाही. शाळांचा विषय तो त्यानंतर काढतो. माणूस चांगला म्हटलं की त्याच्या गुन्ह्याचा जाब राजाला द्यावा लागतो. हा भाबडेपणा राजांना चांगलाच महागात पडला असता!

मी उमेदीची वर्षं रात्रशाळेत शिकवण्यात घालवली आहेत. दिवसभर राबून आलेली मुलं बाकावर पेंगायची आणि संस्थाचालक त्यांना 'जात्याच आळशी' म्हणायचे. त्यामुळे वास्तव मला आरामखुर्चीतून कुणी समजावू नये.

शुन्झीबद्दल थोडक्यात. माणसाचा स्वभाव वाईट असं तो म्हणतो, हे खरं. वाकडं लाकूड वाफवून, साच्यात दाबूनच सरळ होतं, हा त्याचा दाखला. पण तो साचा म्हणजे गुरू आणि आचारविधी, नुसता दंडुका नव्हे. रस्त्यावरचा कुणीही माणूस यू या आदर्श मानलेल्या प्राचीन राजासारखा होऊ शकतो, हेही त्याच अध्यायात आहे. तुम्ही चाळलंत, तेव्हा बहुधा ते पान निसटलं.

राहिले शिष्य. 'अभ्यास कधी थांबू नये' असं सांगणाऱ्या या गुरूच्या ली सी नावाच्या शिष्याने इ.स.पू. 213 मध्ये छिन सम्राटाला ग्रंथ जाळायचा सल्ला दिला. त्यानंतर सात वर्षांतच छिन घराणं बुडालं. राज्य चालवणं ते हेच असेल, तर तुमचं चालू द्या.