वाक्यात मराठी उरलं नाही ना? पाठवायच्या आधी चेक करून घ्या

मराठी वाक्य टाईप केलं की लगेच सेंड करायचं नाही, आधी एकदा नीट वाचायचं आणि त्यात चुकून कुठे मराठी राहून गेलंय का ते बघायचं. हल्ली लोक फार निष्काळजी झालेत, सगळं हिंदीच्या मापात बसवतात आणि नेमकं एखादं "आलं" नाहीतर "झालं" तसंच सोडून देतात, मग वाचणाऱ्याला वाटतं की माणूस मराठी आहे. असं होऊ नये म्हणून थोडं मार्गदर्शन करतो, फुकट आहे, घ्या.

सगळ्यात आधी नपुंसकलिंग काढून टाका. हिंदीचा संसार दोन लिंगांत सुखाने चाललाय, तर आपण हे तिसरं कशाला पोसायचं? ते पाणी, ते दूध, ते घर, ते काम, ते मन, ते दुकान, ते पुस्तक, ते सरकार, ही सगळी एकत्र कुटुंबातली इस्टेट आहे असं समजा आणि वाटणी करून टाका. पाणी, दूध, घर, काम, मन हे "तो"कडे द्या. दुकान, पुस्तक, सरकार आणि नाक हे "ती"कडे द्या. कुणाला काय द्यायचं हे तुम्ही ठरवायचं नाही, हिंदीत आधीच ठरलेलं आहे, तिकडून उतरवून घ्यायचं. मग "पाणी आला", "माझा घर", "काम झाला का", "दुकान बंद झाली", "आमची सरकार आली" असं छान सुटसुटीत लिहिता येतं. "आमचं सरकार आलं" म्हणणारी माणसं अजून सापडतात म्हणे, पण ती बहुतेक मतदानाच्याच दिवशी घराबाहेर पडत असावीत.

आता पकडलं जायची भीती असेल तर कुठे पकडलं जातं ते माहीत पाहिजे. नाम बिचारं नुसतं उभं असतं, त्याच्या अंगावर लिंग लिहिलेलं नसतं. चुगली करतात ते आजूबाजूचे, म्हणजे हा-ही-हे, माझा-माझी-माझं, चांगला-चांगली-चांगलं आणि सगळ्यात चुगलखोर म्हणजे भूतकाळातलं क्रियापद. "मी चहा घेतला, मी कॉफी घेतली, मी दूध घेतलं" यात घेणारा मी तोच आहे, पण क्रियापद माझ्याकडे ढुंकून बघत नाही, कपात काय आहे ते बघून बदलतं. म्हणून तुम्ही "चहा घेतली" लिहिलंत की लगेच कळतं, आत चाय आहे.

यावर उपाय म्हणजे भविष्यकाळ. "पाणी येईल", "दुकान उघडेल", "सरकार पडेल", इथे कुठलंच लिंग दिसत नाही, सगळं झाकून जातं. आयुष्यभर भविष्यकाळातच लिहायचं, पुढाऱ्यांचं त्यावर भागतंच की. फक्त एखादा खवचट वाचक असतो, तो तुमचं वाक्य उचलून भूतकाळात टाकतो आणि नामाच्या आधी "हे" लावून बघतो. हे पाणी आलं, हे दुकान उघडलं, हे सरकार पडलं, असं त्याच्या कानाला बरोबर लागलं की त्याच्या हातात तुमचं बिंग येतं. अशा माणसाला ग्रुपमधून काढून टाकावं.

नपुंसकलिंग संपलं म्हणजे काम संपलं असं समजू नका, उरलेल्या दोघांचीही अदलाबदल करायची आहे. मजा मराठीत स्त्रीलिंगी आहे, म्हणून "मजा आला" लिहा. रिक्षाचंही तेच, स्टँडवर उभं राहून "रिक्षा आला" म्हणा. आवाज मराठीत पुल्लिंगी, तर "आवाज आली का?" असं विचारा, विशेषतः ऑनलाईन मीटिंगमध्ये. फोटो काढला नाही, फोटो काढली. आणि कुणी वारलं तर "त्यांची मृत्यू झाली" असं लिहायला विसरू नका, खाली श्रद्धांजली वाहणारे शंभर जण असतात आणि त्या वेळी व्याकरण काढायची कुणाची हिंमत होत नाही, सगळ्यात सुरक्षित जागा आहे ती. मृत्यू संस्कृतात पुल्लिंगी होता आणि मराठीने तो तसाच ठेवला, हिंदीने बदलला. आत्म्याचंही तसंच झालंय, त्यामुळे मराठी माणसाचा आत्मा शांत होतो पण मेसेजमध्ये त्याची आत्मा शांत होते.

आता क्रियापदांकडे या, खरी कारागिरी इथे आहे. हिंदीत कर्त्याला "ने" लावून टाकला की बरंचसं भागतं: उसने पानी पिया, उसने मराठी सीखी. मराठीत काही क्रियापदं हट्टी आहेत, पुढे कर्म असलं तरी भूतकाळात कर्त्याचाच पदर धरून चालतात. ती पाणी प्यायली. तो मराठी शिकला. ती नाव विसरली. तो असं म्हणाला. इथे पिणारी बाई आहे म्हणून "प्यायली", पाण्याचा काही संबंध नाही. हे तुम्ही मोडायचं आहे. "तिने पाणी पिलं", "त्याने मराठी शिकली", "तिने नाव विसरलं" असं दणकून लिहा. स्वतःबद्दल लिहिताना तर अजून सोपं, कारण "मी" आणि "तू" यांना हा "ने" दिसतच नाही, "मी पाणी पिलं" मध्ये पकडायला काही हातालाच लागत नाही. पण तो खवचट वाचक इथेही येणार, तो "मी" काढून "तो" नाहीतर "ती" बसवणार, मग "त्याने पिलं" निघालं की हिंदी आणि "तो प्यायला" निघालं की मराठी. तुम्ही मात्र त्याने बसवलेली माणसं परत काढून टाका.

हे सगळं सुटं सुटं सांगून कळत नाही, म्हणून एक आदर्श मेसेज देतो, सोसायटीच्या ग्रुपवर जसाच्या तसा वापरायला हरकत नाही:

"पंप बिघडल्यामुळे आज पाणी आला नाही. टँकर येऊन गेला आहे. सगळ्यांनी पाणी भरून घ्यावा. वर बादल्या न्यायला माझी मदत करावी."

किती सुंदर आहे बघा. पहिल्या वाक्यात पाण्याचं "आला" झालंय, तिसऱ्यात "घ्यावा", म्हणजे पाणी दोन्हीकडे पुरुष झालंय, निदान सातत्य आहे. पण खरी कमाल दुसऱ्या वाक्यात आहे. लिहिणाऱ्याच्या डोक्यात होतं "टैंकर आ गया है", त्याने शब्दाला शब्द ठेवला. मराठीत "येऊन गेला" म्हणजे आला आणि परत गेलासुद्धा. पाहुणे येऊन गेले, पोस्टमन येऊन गेला, म्हणजे आता तो इथे नाहीये. हा मेसेज वाचून चौथ्या मजल्यावरच्या काकू "गेला का मेला, आम्हाला कुणी सांगितलं पण नाही" म्हणून बादली परत मोरीत ठेवतात आणि खाली टँकरवाला पाईप हातात धरून उभा. तिथे "टँकर आलाय" एवढं लिहिलं असतं तर काकू जिन्यावर दिसल्या असत्या. म्हणून सांगतो, गर्दी नको असेल तर "येऊन गेला" सारखा उपाय नाही.

एक सावधगिरी, मागे "जाणे" दिसलं की ते हिंदीच असं धरून चालू नका, नाहीतर मराठी शाबूत राहील. विसरून गेलो, वाहून गेलं, निघून गेली, हे आपलंच आहे. "भरून घ्यावं" मधलं घेणंही आपलंच, त्या मेसेजमध्ये तेवढंच एक शिल्लक राहिलंय, तेसुद्धा "घ्यावा" करून बाटवलंय. हिंदी ओळखायची असेल तर मागचं "गेला" काढून बघायचं. "टँकर आला" राहिलं आणि लिहिणाऱ्याला नेमकं तेवढंच म्हणायचं होतं, तर ते "गेला" हिंदीतून फिरायला आलेलं. "काम होऊन जाईल" चं "काम होईल", "मिळून गेलं" चं "मिळालं", "बस येऊन गेली" चं... नाही, ते बसस्टॉपवरच्या माणसाला विचारा, त्याच्या बाबतीत दोन्ही अर्थ खरे असू शकतात.

चौथं वाक्य "माझी मदत करावी". हिंदीत मेरी मदद करो, मराठीत मला मदत करा. आता तुम्ही म्हणाल की "माझी वाट बघ" चालतं मग "माझी मदत कर" का नाही? बरोबर आहे, चालवा. "माझी मदत घ्या" पण चालतं, कारण तिथे मदत माझ्याकडून निघून तुमच्याकडे येते. "माझी मदत करा" मध्ये ती कुठून निघते आणि कुठे जाते हे मराठीला कळत नाही, पण बादल्या उचलताना एवढा विचार कोण करतंय.

आणि हो, हे सगळं शिकून तुम्हाला उलटा उत्साह चढला, म्हणजे दुसऱ्यांच्या वाक्यातली हिंदी काढायची हुक्की आली, तर तीही जोरात काढा, पुढचा मागचा विचार करू नका. कुणी "माझा वेळ गेला" लिहिलं आणि दुसऱ्याने "माझी वेळ आली" लिहिलं की एकाला तरी चूक ठरवाच, दोन्ही मराठीत बरोबर आहेत, घालवतो तो वेळ आणि ठरलेली असते ती वेळ, हे आपल्याला माहीत नाही असं दाखवा. नागपूरचा मित्र "काय करून राहिला बे" म्हणाला की त्याला सांगा, हे "कर रहा है" चं भाषांतर आहे, शुद्ध बोल. वऱ्हाडी लोक पिढ्यानपिढ्या असंच बोलत आलेत आणि ती त्यांची स्वतःची बोली आहे वगैरे तो सांगेल, ऐकायचं नाही. मग कोल्हापूरला जा, तिथे एखादी मावशी "मी आलो बघ बाजारातनं" म्हणाली की तिला भर दारात थांबवा आणि समजावून सांगा की मावशी, तुम्ही स्त्रीलिंगी आहात, "आले" म्हणा. फक्त हे सांगताना पायात चप्पल असू द्या आणि मागे जिना मोकळा आहे ना ते आधी बघून ठेवा.