छातीत घरघर सुरू झाली की सकाळची वाट पाहायची नसते

"मित्रांनो, एव्हरेस्ट बेस कॅम्पला जाताय? घाबरू नका. रोज पाच किलोमीटर पळणाऱ्याला उंचीचा त्रास होत नाही. डोकं दुखलं म्हणजे पाणी कमी पडलं, दिवसाला पाच-सहा लिटर प्या. डायमॉक्स सुरू असेल तर नामचे आणि डिंगबोचेचे विश्रांतीचे दिवस गाळा, दोन रजा वाचतात. आणि रात्री त्रास झालाच तर गोळी घेऊन झोपा. सकाळी हेलिकॉप्टर मिळतंच."

नागपुरातल्या ट्रेकिंगच्या ग्रुपांवर हा मेसेज सध्या फिरतोय. त्यातल्या पहिल्या तीन वाक्यांनी माणूस आजारी पडेल. शेवटच्या दोन वाक्यांनी तो जीव गमावू शकतो, म्हणून पहिल्या तिन्हींचं थोडक्यात आटोपून शेवटावर सविस्तर लिहितो.

आपलं नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम 310 मीटरवर आहे. सेमिनरी हिल्सला पळून आणि रामटेकच्या पायऱ्या चढून पाय तयार होतात, हृदय तयार होतं. पण बेस कॅम्पला, म्हणजे 5,364 मीटरवर, हवेचा दाब इथल्या जवळपास निम्मा असतो आणि एका श्वासात मिळणारा ऑक्सिजनही तेवढाच कमी होतो. त्याच्याशी जुळवून घ्यायला श्वासाची लय, मूत्रपिंडं आणि रक्त बदलावं लागतं. त्याला दिवस लागतात आणि ते नागपुरात करता येत नाही. चिखलदरा किंवा कळसूबाईवरही नाही, कारण हा त्रास साधारण 2,500 मीटरच्या वर सुरू होतो. कुणाला किती त्रास होईल हे बरंचसं त्याच्या शरीराच्या जन्मजात घडणीवर आणि चढण्याच्या वेगावर ठरतं. पळणारा उलट जास्त धोक्यात असतो, कारण तो भरभर चढू शकतो आणि चढतोही. भारतीय लष्करातल्या डॉक्टरांनी 1969 साली 1,925 जवानांमधल्या या आजाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. ती तरणीताठी, कसलेली माणसं होती. आजही लष्कर जवानाला 2,700 ते 3,600 मीटरच्या टप्प्यात सहा दिवस थांबवतं आणि त्यातले पहिले दोन दिवस निव्वळ आराम असतो. जवानाला जे माफ नाही ते आपल्याला कसं असेल?

डोकेदुखीचं बघू. उंचीवर पोहोचल्यानंतर सहा ते बारा तासांत डोकं दुखायला लागलं आणि सोबत मळमळ, भूक मरणं, गरगरणं किंवा न जाणारा थकवा यांपैकी एक जरी असेल, तर तो उंचीचाच त्रास धरायचा. ट्रेकर त्याला एएमएस म्हणतात. शंका असेल तर लिटरभर पाणी किंवा सूप हळूहळू प्या, पॅरासिटामोल घ्या आणि तासभर पडा. डोकं पूर्ण उतरलं आणि जेवावंसं वाटलं, तर पाण्याचीच कमतरता होती. नाही उतरलं, तर पाण्याचा दोष नाही. लघवी फिक्या रंगाची राहील इतकं पाणी पुरतं. त्यावर लिटरच्या लिटर ढोसल्याने एएमएस टळत नाही, उलट रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि त्यानेही डोकं दुखतं, उलट्या होतात, माणूस बरळतो. मग नक्की काय झालंय हे ओळखणं आणखी अवघड होतं. एएमएस ठरला की नियम साधा आहे: त्रास असेपर्यंत एक पाऊलही वर नाही. तिथेच राहायचं, आणि वाढला तर उतरायचं.

डायमॉक्स चांगलं औषध आहे आणि ते लक्षणं झाकतं हा समजही खोटा आहे. मूत्रपिंडांतून बायकार्बोनेट बाहेर जातं, रक्त किंचित आम्लधर्मी होतं आणि श्वास आपोआप वाढतो. म्हणजे शरीर जे दोन-तीन दिवसांत करणार होतं ते थोडं लवकर घडतं. बचावासाठी सहसा 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात, चढाईच्या आदल्या दिवशी सुरू करून. बोटांना मुंग्या येतील, लघवीला जास्त जावं लागेल. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना सांगायलाच हवं. पण या गोळीने दिवस वाचत नाहीत. 3,000 मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात 500 मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच ठिकाणी दुसरी रात्र काढायची, हे गोळी घेणाऱ्यालाही लागू आहे. इथे मोजायची ती झोपण्याची उंची. नामचेच्या थांब्याच्या दिवशी दुपारी तीन-चारशे मीटर वर फिरून येऊन नामचेलाच झोपणं योग्य. तो दिवस वाया जात नाही, शरीर त्याच दिवशी काम करत असतं.

आता रात्रीचं. समजा, नागपूरचे चौघं त्या मेसेजप्रमाणे निघाले. पहिली रात्र फाकडिंगला 2,610 मीटरवर, मग नामचे 3,440, तेंगबोचे 3,860, डिंगबोचे 4,410 आणि पाचवी रात्र लोबुचेला 4,940 मीटरवर. थांबा कुठेच नाही. चौघांत एक पंचेचाळिशीचे दादा, सगळ्यांत तंदुरुस्त, डिंगबोचेपर्यंत सगळ्यांच्या पुढे. आज मात्र ते सगळ्यांच्या मागे आहेत आणि दर वीस पावलांवर थांबतात. संध्याकाळी कोरडा खोकला सुरू होतो. डोकं फारसं दुखत नाही, म्हणून कुणाला काळजी वाटत नाही. रात्री नऊला ते पलंगावर उशीला टेकून बसलेत आणि बसल्या जागी धापा टाकतायत. विचारलं तर म्हणतात, "अरे, थंडी बाधली. झोपलो की बरं वाटेल."

हे थंडीचं लक्षण नाही, फुप्फुसांत पाणी भरतंय. ट्रेकर याला 'हेप' म्हणतात. ऑक्सिजन कमी पडला की फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या आकसतात, पण सगळ्या सारख्या आकसत नाहीत. ज्या उघड्या राहतात त्यांच्यातून रक्त फार दाबाने जातं आणि बारीक केशवाहिन्यांतून द्रव हवेच्या पिशव्यांत झिरपतो. झोपेत श्वास मंदावून रक्तातला ऑक्सिजन आणखी उतरतो, गारठ्याने तो दाब आणखी चढतो. म्हणून हेप रात्रीच बळावतो. झोप घेणं म्हणजे त्याला हवी ती परिस्थिती देणं, आणि झोपेची गोळी दिली तर श्वास आणखी दबतो. बहुतेकदा हा आजार नव्या उंचीवर पोहोचल्यावर दुसऱ्या ते चौथ्या दिवसात गाठतो आणि डोकेदुखीशिवायही येतो, इथेच लोक फसतात.

ओळखायचं कसं? उतारावर किंवा सपाटीवर दम लागणं ही पहिली खूण, आणि विश्रांती घेऊनही दम न जाणं ही पक्की खूण. पाठीला कान लावला तर बारीक करकर ऐकू येऊ शकते. ओठ-नखं निळसर होतात. गुलाबी फेस येईपर्यंत थांबलात तर फार उशीर झालेला असतो. ऑक्सिमीटर असेल तर दादांचा हात ऊब देऊन आकडा घ्या आणि बाकी तिघांचाही घ्या. त्या उंचीवर निरोग्याचा आकडाही घरच्यापेक्षा बराच खाली असतो, त्यामुळे एकट्या आकड्याला अर्थ नाही. सोबत्यांपेक्षा तो फार खाली असेल तर निदान जवळजवळ झालं. पण आकडा बरा दिसला म्हणून धापा टाकणाऱ्याला झोपवू नका.

दुसरी परीक्षा मेंदूची. दादांना जमिनीवर सरळ रेषेत, एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावत, दहा पावलं चालायला सांगा. तोल गेला, बोलणं विसंगत झालं किंवा माणूस अकारण चिडून 'मला एकटं सोडा' म्हणू लागला, तर मेंदूला सूज आहे, म्हणजे 'हेस'. दारू न घेता दारू प्यायल्यासारखं चालणारा माणूस काही तासांत बेशुद्ध होऊ शकतो. त्याचं मत आता विचारायचं नाही, कारण ठरवण्याची क्षमताच गेलेली असते.

दोन्हींपैकी काहीही असो, त्याच रात्री खाली. लोबुचेहून थुक्ला 4,620 मीटरवर आणि फेरिचे 4,371 वर. तिथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना 1973 पासून ट्रेकच्या हंगामात चालतो. जवळजवळ 570 मीटरचा हा उतार बहुतेक रुग्णांना जाणवेल इतका फरक पाडतो. लॉजवाल्याकडे ऑक्सिजन आहे का विचारा आणि असेल तर लगेच लावा. हेपच्या माणसाला चालवू नका, श्रमाने फुप्फुसांतला दाब चढतो. घोडा किंवा पाठीवर नेणारे हमाल मिळवा, त्याला बसतं ठेवा आणि नीट गुंडाळा. डोक्याला लावायचे टॉर्च, वाटाड्या आणि निदान एक ठणठणीत सोबती हवाच. एकट्याला हमालाबरोबर पाठवून बाकीच्यांनी पहाटे वर जायचं, हे कधीही करू नका.

हेलिकॉप्टर रात्री उडत नाही. ढग असतील तर सकाळीही उडत नाही, दुपारपर्यंत किंवा दिवसभरही अडकतं. फेरिचेला पोहोचल्यावर सकाळी ते मिळालं तर उत्तमच, तिथूनही ते नेऊ शकतं. खाली नेण्यात काहीच गमावलेलं नसतं.

थांबणं एकाच स्थितीत क्षम्य आहे: बाहेर वादळ किंवा वाटेवर बर्फ असेल आणि निघणं सगळ्यांच्याच जिवावर बेतणारं असेल. तेव्हा ऑक्सिजन, हेससाठी डेक्सामेथासोन, हेपसाठी निफेडिपिन, आणि मिळाली तर गमाव बॅग, म्हणजे हवा भरून आतला दाब वाढवणारी पिशवी. पिशवीत माणसाला दीड-दोन हजार मीटर खाली आल्यासारखं वाटतं, पण बाहेर काढलं की काही तासांत त्रास परतू शकतो. हे सगळं वाट मोकळी होईपर्यंतचं आहे. ही औषधं कुणाला, किती आणि कधी द्यायची हे नागपुरातून निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. रात्री नऊला लोबुचेत इंटरनेट असेलच असं नाही.

लडाखला जाणाऱ्यांसाठी एक वेगळा धोका. तिथे हॉस्पिटलची दिशा आणि उताराची दिशा एकच असेल असं नाही. पँगाँगच्या काठावर, 4,250 मीटरवर, कुणाला हेप झाला आणि गाडी लेहकडे काढली तर वाटेत चांग ला लागतो, सुमारे 5,360 मीटरचा. म्हणजे आजारी माणसाला आधी हजारभर मीटर वर न्यायचं. ऑक्सिजनशिवाय तो घाट चढू नका. आधी खाली तांगत्सेला उतरा, तिथे सरकारी आरोग्य केंद्र आहे, आणि पुढचं तिथल्या डॉक्टरांना ठरवू द्या. श्योक-अघममार्गे नुब्राकडे जाणारा रस्ता घाट टाळून उतरतच जातो, पण तो खडबडीत आहे आणि पाण्याने बंद पडतो, म्हणून तो चालू आहे का हे मुक्कामाला पोहोचताच ड्रायव्हरला विचारून ठेवा.