नऊ बॅज लावले, पुढे काय? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

«डिजिटल बॅज आणि त्यांच्या लिंकांबद्दलचा तुमचा लेख वाचला. रागावू नका, पण पटला नाही. माझ्या भाचीने लिंक्डइनवर नऊ बॅज लावलेत. तीन महिन्यांत चार मुलाखती झाल्या, एकानेही त्यांतल्या एकाबद्दल विचारलं नाही. असली चित्रं कुणीही अर्ध्या तासात बनवतो. आणि शेवटी कंपनी एजन्सीकडून सगळं तपासून घेतेच. मग हा शोभेचा उद्योग कशासाठी?»

रागवायचं काय त्यात! चित्राबद्दल तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत क्लाउड सपोर्टसाठी माणसं निवडायचं काम माझ्याकडे असतं, आणि मी बॅजचं चित्र बघतसुद्धा नाही. मी बघतो ती त्यामागची लिंक, तीही दोनेक मिनिटंच.

एजन्सीचं आधी सांगतो. ती तपासणी बहुतेक ठिकाणी ऑफर दिल्यानंतर सुरू होते, कधीकधी तर माणूस रुजू झाल्यावर. आपल्याकडे नोटिस पीरियड तीन-तीन महिन्यांचा. म्हणजे आज निवडलेला उमेदवार तीन महिन्यांनी येणार, त्यानंतर कुठे त्याच्या कागदात खोट सापडणार, आणि तोवर यादीतले बाकीचे चांगले लोक दुसरीकडे लागलेले असणार. लिंक उपयोगी पडते ती मुलाखतीला कुणाला बोलवायचं हे ठरवताना. एजन्सीची जागा ती घेत नाही, घेऊ पण नये. भाचीला मुलाखतीत कुणी विचारलं नाही, यावरून लिंक कुणी उघडलीच नाही असं मात्र म्हणता येत नाही. लिंक नीट उघडली तर विचारायला काही उरतच नाही. आम्ही विचारतो ते ती उघडली नाही तर, किंवा उघडून काही खटकलं तर.

एक प्रसंग सांगतो. एका मुलीच्या प्रोफाइलवर AWS चं, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या क्लाउड सेवेचं, ‘सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएट’ हे प्रमाणपत्र होतं. `Show credential` दाबलं, संस्थांचे बॅज जिथून दिले जातात त्या क्रेडली साइटचं पान उघडलं. पत्त्याच्या पट्टीत खरंच credly.com आहे ना, हे मी पहिलं बघतो, कारण एखादं अक्षर इकडचं तिकडे केलेली हुबेहूब साइट काढणं फार अवघड नाही. ते ठीक होतं. पण पानावरचं आडनाव वेगळं, आणि मुदत चार महिन्यांपूर्वीच संपलेली. AWS ची प्रमाणपत्रं तीन वर्षं चालतात. लिंक्डइनवर तिने मुदतीची तारीख भरलीच नव्हती, त्यामुळे तिथे सगळं ताजं दिसत होतं. लिंक्डइन या रकान्यात तुम्ही लिहाल ते दाखवतं, स्वतः तपासत नाही. (आधार आणि डिजिलॉकरवरून मिळणारी खूण वेगळी. ती ‘माणूस तोच आहे’ एवढंच सांगते, परीक्षेबद्दल काही नाही.)

मी फोन केला. आडनाव लग्नाआधीचं होतं. मुदतीची गंमत अशी की परीक्षा दिली तेव्हा तिने जुन्या कंपनीचा ईमेल दिला होता. नोकरी सोडल्यावर तो बंद झाला, आणि मुदत संपत आल्याची पत्रं तिकडेच जात राहिली. खोटेपणा कुठेच नव्हता, पण फोन करायचा कंटाळा केला असता तर तिचं नाव यादीतून गेलं असतं. क्रेडलीवर एकाच खात्याला एकाहून जास्त ईमेल जोडता येतात. नोकरीत असतानाच स्वतःचा खासगी ईमेल जोडून ठेवला की हा घोळ होत नाही. तो ईमेल हातातून गेल्यावर मात्र खेटे घालावे लागतात.

आता ‘कुणीही बनवतो’ याबद्दल. इथे तुम्ही अर्धे बरोबर आहात. ओपन बॅजेस नावाचं एक मानक आहे, 2011 साली मोझिलाने सुरू केलेलं. त्यात बॅजच्या PNG फाइलच्या पोटातच माहिती भरलेली असते: कुणी दिला, कधी दिला, कशासाठी दिला. एका उमेदवाराने मला एका प्रशिक्षण संस्थेचा असा बॅज पाठवला. फाइल शंभर टक्के अस्सल होती. फक्त ती त्याची नव्हती, मित्राची होती. कुणाचाही बॅज उतरवून घेऊन आपला म्हणून लावता येतोच की. आतली नोंद साधारण अशी दिसते (आवृत्ती 2.0):

```
"recipient": {
  "type": "email",
  "hashed": true,
  "salt": "k7x2",
  "identity": "sha256$..."
}
```

ईमेल उघडा लिहिलेला नसतो. ईमेलला `salt`, म्हणजे नोंदीतच दिलेली जादा अक्षरं, जोडून त्याचा हॅश काढतात, म्हणजे ज्यावरून मूळ ईमेल वाचता येत नाही अशी अक्षरांची खूण, आणि तो `identity` मध्ये ठेवतात. मी उमेदवाराने अर्जात दिलेला ईमेल घेतला आणि तसंच केलं:

```
printf '%s' 'name@example.comk7x2' | sha256sum
```

आलेली अक्षरं जुळली नाहीत. एवढ्यावरून कुणाला खोटं ठरवू नये. वर सांगितलं तसा जुना ईमेलही असू शकतो. म्हणून मी विचारलं, परीक्षेला कुठला ईमेल दिला होता? त्याने आणखी दोन दिले, तेही जुळले नाहीत. मग म्हटलं, व्हिडिओ कॉलवर खात्यात लॉगिन करून दाखव. त्यानंतर त्याचा फोन आला नाही. आणि हो, फाइलच्या पोटातल्या नोंदीवर विसंबायचं नसतं. तिथे दिलेल्या पत्त्यावरून, म्हणजे संस्थेच्याच साइटवरून, ती पुन्हा मागवायची. पोटातलं बदलता येतं, संस्थेच्या साइटवरचं उमेदवाराच्या हातात नसतं. हे एवढं सगळं मी आजवर दोनदाच केलंय. एरवी नाव, तारीख, मुदत आणि साइटचा पत्ता एवढ्यावर भागतं.

यावरूनच कळेल की ड्राइव्हवर टाकलेल्या पीडीएफची लिंक म्हणजे पडताळणी नव्हे. ते पान उमेदवाराच्याच ताब्यात आहे. दहावी-बारावीच्या मार्कशीट तर कृपया उघड्यावर टाकू नयेत. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आईचं नाव छापलेलं असतं, आणि फोनवर ओळख पटवताना बँकवाले नेमकं तेच विचारतात.

नऊ बॅजांबद्दल मात्र मी तुमच्या बाजूने आहे. प्रत्येक बॅजच्या पानावर तो कशासाठी मिळाला हे लिहिलेलं असतं. नऊपैकी सहा ‘वेबिनारला उपस्थित’ असतील, तर परीक्षा देऊन मिळवलेले तीन त्या गर्दीत हरवतात. ते तीनच ठेवावेत. प्रत्येकाला `Credential ID`, `Credential URL` आणि मुदतीची तारीख भरावी.

आणि आज संध्याकाळी भाचीला एक करायला सांगा. ब्राउझरच्या इनकॉग्निटो खिडकीत, लॉगिन न करता, स्वतःच्या नऊही लिंका उघडून बघायच्या. क्रेडलीवर आपल्या खात्यात असताना पट्टीतला जो पत्ता दिसतो त्यात `/earner/earned/` असतं. तोच बरेच जण उचलून चिकटवतात. तो त्यांना स्वतःला उघडतो, पण माझ्यासारख्याला लॉगिनचं पान दिसतं. शेअर बटणातून मिळणारा, शेवटी `/public_url` असलेला पत्ता हवा. तो टाकूनही पान दिसलं नाही, तर बॅज सेटिंगमध्ये खासगी राहिलाय. चार मुलाखतवाल्यांना नेमकं काय दिसलं असेल, ते तिला तिथेच कळेल. काय निघालं ते इथे जरूर लिहा.