नियम असा लिहा की दोघांनाही तो आपलाच वाटावा

हॉटेलात मोठे ग्रुप यायला लागले की मालकाला पहिली हुक्की येते ती नियम लिहायची. जरूर लिहा. फक्त एक पथ्य पाळा: वाचणाऱ्याला काही कळता कामा नये. स्पष्ट नियमावर वाद होत नाही, आणि वादच झाला नाही तर मॅनेजरने दिवसभर करायचं काय?

सुरुवात ‘मोठा ग्रुप’ या शब्दांपासून करा आणि आकडा घालू नका. ‘आठ किंवा त्याहून जास्त माणसं’ असं लिहिलंत तर सातजणांचं बुकिंग करणारा निश्चिंत होतो. त्याला निश्चिंत का होऊ द्यायचं? शिवाय ‘माणसं’ म्हणजे मुलं धरून की सोडून, मांडीवरचं बाळ मोजायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. खुर्ची लागते तो माणूस, असा साधा हिशेब एका जुन्या वेटरने मला सांगितला होता. इतका सोपा होता की कुणी लिहूनच घेतला नाही.

आता अनामत. इथे एकच वाक्य पुरतं: ‘अनामत रक्कम परत मिळणार नाही.’ ग्राहक हे वाचतो आणि त्याला वाटतं, पैसे गेले, बिल वेगळं भरायचं. तुम्हाला म्हणायचं असतं की आलात तर रक्कम बिलातून वजा होईल, आला नाहीत तर जाईल. ‘परत न मिळणं’ आणि ‘वजा होणं’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणूनच दुसरी गोष्ट लिहू नये. बिलाच्या वेळी मनधरणी करून वजा केली की उपकार केल्यासारखं दिसतं.

एक उदाहरण घेऊ. चौदा जणांचं बुकिंग, वेळ साडेसात. अनामत माणशी एक वाटा, म्हणजे चौदा वाटे आधीच भरलेले. त्याच दिवशी सकाळी फोन येतो, ‘आम्ही अकराच आहोत.’ आता अकरा वाटे वजा करायचे की चौदा? तीन वाटे बुडाले, असं मालक म्हणणार. ‘सांगितलं होतं ना सकाळी!’ असं ग्राहक म्हणणार. आणि तुमचा नियम काय म्हणतो? ‘बदल वेळेत कळवावा.’ वा! ‘वेळेत’ या शब्दासारखा आज्ञाधारक शब्द नाही, ज्याच्या तोंडी जाईल त्याच्या बाजूने बोलतो.

या मोहक मोघमपणाच्या वाटेत एक धोका आहे, तो सांगून ठेवतो. कुणीतरी तुम्हाला असा मसुदा देईल: ‘माणसांची अंतिम संख्या बुकिंगच्या ४८ तास आधी, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी साडेसातचं बुकिंग असेल तर बुधवारी संध्याकाळी साडेसातपर्यंत, लेखी कळवा. तोपर्यंत कमी झालेल्या माणसांची अनामत परत करू. त्यानंतर कमी झालेल्यांची अनामत आमच्याकडे राहील, आलेल्यांची बिलातून वजा होईल.’ हे छापू नका. हे वाचून सकाळचा फोन येणारच नाही. आला तरी तीन वाटे कुणाचे याचं उत्तर मसुद्यातच असेल, आणि मॅनेजर बिचारा रिकामा.

ग्राहक विचारेल, अनामत लागतेच कशाला? उत्तर देऊ नका, कारण उत्तर खरं आहे. चारही बाजूंना एकेक खुर्ची असलेली चौकोनी टेबलं एका रांगेत जोडली की जोडावरच्या खुर्च्या जातात. चौदा माणसांना सहा टेबलं लागतात. तीच टेबलं सुटी असती तर त्यांवर चोवीस जण बसले असते. म्हणजे ग्रुप आला नाही तर रिकामं राहतं ते चौदांचं नव्हे, चोवीसांचं. हे सांगितलं तर लोक समजून घेतील, आणि समजूतदार ग्राहकाशी भांडण रंगत नाही.

खरी मजा मात्र वेळेत आहे. ‘टेबल दोन तासांसाठी उपलब्ध’ एवढंच लिहा. दोन तास कधीपासून? बुकिंगच्या वेळेपासून, पहिला माणूस बसल्यापासून की शेवटचा आल्यापासून? आपले चौदा-उणे-तीन घ्या. पहिले दोघे सात वीसला हजर. ते पाणी पीत बसतात, कारण ‘सगळे येऊ देत’. सातजण पावणेआठच्या सुमारास येतात. उरलेले दोघे आठ दहाला, पार्किंगची कहाणी सांगत. मेन कोर्स टेबलावर येईपर्यंत नऊ वाजतात. नऊ पंचवीसला मॅनेजर वाकून, हळू आवाजात म्हणतो, ‘साहेब, साडेनऊचं पुढचं बुकिंग आहे.’ साहेब घड्याळ बघतात.

‘आम्ही आठ दहाला बसलो. दोन तास म्हणजे दहा दहा.’

‘बुकिंग साडेसातचं होतं, साहेब.’

‘मग गोड यायचं बाकी आहे, ते काय पार्सल देणार?’

गोड आलं नाही याचं कारण कुणी आधी सांगितलंच नव्हतं: साडेनऊला टेबल रिकामं हवं तर शेवटची ऑर्डर नऊला घ्यावी लागते. शिवाय सहा टेबलं पुसून, मांडून, सुटी करायला निदान पंधरा मिनिटं जातात, म्हणजे पुढचं बुकिंग साडेनऊचं घेणंच चूक होतं. ‘टेबल साडेसात ते साडेनऊ. उशीर झाला तरी सुटण्याची वेळ बदलत नाही. शेवटची ऑर्डर नऊ वाजता,’ असं लिहून पुढचं बुकिंग पावणेदहाचं घेतलं असतं, तर मॅनेजरला वाकावं लागलं नसतं. पण त्याला वाकण्याची सवय राहिली पाहिजे.

राहिली आगाऊ मेन्यू निवड. चौदा ताटं एकदम बाहेर काढायची तर किचनला कुणाला काय हवं ते आधी कळलं पाहिजे, नाहीतर पहिला जेवून होतो तेव्हा शेवटचा अजून मेन्यू वाचत असतो. ही निवड मागताना फक्त बेरीज मागा: पहिला पदार्थ सहा, दुसरा पाच, तिसरा तीन. नावं मागू नका. मग ताटं आली की वेटर ‘तिसरा कुणाचा?’ असं विचारत टेबलभर फिरेल, आणि ज्याने दुसरा निवडला होता तो शेजारच्याचं ताट बघून म्हणेल, ‘माझाच!’ खऱ्या तिसऱ्याला उरलेलं मिळतं. नावं घेऊन प्रत्येक खुर्चीसमोर छोटी चिठ्ठी ठेवली की हा खेळ संपतो, म्हणून ठेवू नका.

ॲलर्जीपुरता मात्र मी उपरोध सोडतो. ती कुणाला आहे, कशाची आहे, हे नावासकट घ्या आणि किचनपर्यंत लेखी पोहोचवा. ‘ग्रुपमध्ये एकाला ॲलर्जी आहे’ ही माहिती ताट कुणापुढे ठेवायचं ते सांगत नाही.

हे सगळं नीट लिहून टाकावं असं वाटलंच, तर अक्षरं तरी बारीक ठेवा आणि शेवटच्या पानावर छापा. आमच्याकडे नियम बुकिंगच्या पुष्टीतच येत, पैसे भरण्याआधी, ठळक अक्षरांत. नवा मालक आला, त्याने ते काढून टाकले. म्हणाला, लोक घाबरतात. आता नऊ पंचवीसला तो स्वतः वाकतो.