“काही फीडबॅक असेल तर सांगा” एवढ्याने काही कळत नाही

“सर, प्रेझेंटेशन कसं वाटलं? काही फीडबॅक असेल तर नक्की सांगा.” चार वर्षं मी दर वेळी हाच मेसेज पाठवत होते. उत्तरही दर वेळी तेच यायचं. एक उभा अंगठा, फार तर “छान झालं”.

मी चाकणला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. बाहेरून आलेल्या ॲल्युमिनिअम कास्टिंगवर आमच्याकडे मशीनिंग होतं, आणि मशीन केल्यावर आतली छिद्रं उघडी पडली की तो पार्ट बाद. दर महिन्याला या रिजेक्शनचा आढावा प्लांट हेडसमोर मांडायचा असतो. वीस मिनिटं मिळतात.

जूनच्या आढाव्यात चौथ्या स्लाइडवर साहेबांनी मला थांबवलं. “नक्की किती पार्ट बाद झाले?” मी पुरवठादाराचा साचा, धातूचं तापमान, पावसाळी दमट हवा असं सगळं सांगत होते. आकडा पुढच्या स्लाइडवर होता. तो आला तोवर त्यांनी घड्याळ बघितलं होतं. काहीतरी चुकलंय हे मला उभ्या उभ्याच कळलं, पण काय ते कळेना.

त्या दिवशी मी मॅनेजरना वेगळा मेसेज टाकला. तो असा:

“सर, आजच्याबद्दल एकच विचारायचंय. चौथ्या स्लाइडवर साहेबांनी थांबवलं, तिथे पुढच्या वेळी मी काय वेगळं करू? दोन ओळी पुरेत, व्हॉइस नोटही चालेल. उद्यापर्यंत सांगितलंत तरी चालेल.”

संध्याकाळी सातच्या आत उत्तर आलं. “आधी आकडा सांग, कारणं मागून. तू कारणांपासून सुरुवात केलीस, त्यांना वाटलं तू सारवासारव करतेयस.”

सारवासारव! माझ्या मनात तसं काहीच नव्हतं. पण समोरच्याला तसं दिसलं, आणि हे मला चार वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. कसं सांगणार? “कसं वाटलं” म्हटल्यावर माणूस संपूर्ण वीस मिनिटांचं एकदम मोजमाप करायला लागतो, तेही दुसऱ्या मीटिंगला जाता जाता, समोरची दुखावणार नाही याची काळजी घेत. त्यातून “छान झालं” हेच येणार. चौथी स्लाइड म्हटलं की त्यांना तो क्षण लख्ख आठवतो. शिवाय अडखळले हे मीच आधी बोलून दाखवलेलं असल्यामुळे त्यांना संकोच राहत नाही.

“फीडबॅक” हा शब्द मी मेसेजमधून काढूनच टाकला आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या संशोधकांनी २०१९ मध्ये मांडलं होतं की फीडबॅक मागितला तर लोक मोघम आणि गोडगोड बोलतात, सल्ला मागितला तर नेमकं सांगतात. कारण सल्ला देताना डोकं झालेल्या कामाला मार्क देण्याऐवजी पुढच्या वेळेकडे वळतं. “पुढच्या वेळी काय करू” या चार शब्दांनी माझ्याबाबतीत तरी तेच झालं.

वेळेचंही बघावं लागतं. मीटिंग संपताक्षणी पाठवला तर तो त्यांच्या पुढच्या कामाखाली गाडला जातो. तीन दिवसांनी पाठवला तर चौथी स्लाइड कुठली हेच आठवत नाही. मी त्याच दिवशी, जेवणानंतर किंवा पाचच्या सुमारास पाठवते. आणि कायम त्यांना एकट्यांना. टीमच्या ग्रुपवर विचारलं की बाकीचे टाळ्यांचे इमोजी टाकतात, मग त्यांनाही तिथे कौतुकच करावं लागतं.

मात्र प्रकरण मोठं असेल, म्हणजे ग्राहकासमोर वाद झाला किंवा सरांनाच माझ्यामुळे ऐकून घ्यावं लागलं, तर असला दोन ओळींचा मेसेज टाकू नये. तिथे “सर, पाच मिनिटं येऊ का?” एवढंच लिहावं आणि समोर बसून बोलावं. रागावलेल्या माणसाची लेखी ओळ आहे त्याहून कडू वाचली जाते, आणि आपण ती रात्रभर वाचत बसतो.

उत्तर आल्यावर मी खुलासा देत नाही. “पण सर, आकडा पुढच्या स्लाइडवर होता ना” असं त्या संध्याकाळी मी टाइप केलं होतं, पुसलं, आणि “कळलं सर, जुलैत आकडा पहिल्या स्लाइडवर घेते” एवढंच पाठवलं. खुलासा गेला असता तर पुढच्या खेपेला पुन्हा अंगठाच आला असता, याची मला खात्री आहे.

जुलैमध्ये पहिल्याच स्लाइडवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: १०० मागे ४ पार्ट बाद, मागच्या महिन्यात ५. साहेबांनी विचारलं, “एक कमी कशाने झाला?” मग कारणं मी सविस्तर सांगितली, आणि या वेळी ती त्यांना ऐकायची होती. पाच वाजता मी सरांना पुन्हा एकच प्रश्न पाठवला, या वेळी शेवटच्या स्लाइडबद्दल. त्यांची चाळीस सेकंदांची व्हॉइस नोट आली.