बोटं बरोबर मोजली, म्हणून खेळवायचं?

"डोक्याला मार लागून पोरगं पडलं तर घाबरू नका. बेशुद्ध झालं नाही म्हणजे मेंदूला काही झालेलं नाही. तोंडावर पाणी मारा, कांदा हुंगवा, बोटं मोजायला लावा. बरोबर मोजली की पाच मिनिटांत परत खेळवा. रात्री मात्र झोपू देऊ नका. सर्व संघांपर्यंत पोहोचवा."

हा मेसेज कोल्हापुरात माझ्या भाच्याच्या संघाच्या ग्रुपवर आला आणि खाली अंगठ्यांची रांग लागली. भाचा चौदा वर्षांचा, हेडरला उडी मारण्यात सगळ्यांच्या पुढे. त्यामुळे गप्प बसवत नाही.

आधी बोटांचं घेतो, कारण सगळ्यात घातक तेच आहे. १३ जुलै २०१४, रिओचं मारकाना स्टेडियम, जर्मनी विरुद्ध अर्जेंटिना, विश्वचषकाची फायनल. सतराव्या मिनिटाच्या सुमारास गारायचा खांदा जर्मनीच्या क्रिस्तोफ क्रामरच्या चेहऱ्यावर आदळला. डॉक्टर आले, त्यांनी पाहिलं, क्रामर उठला आणि खेळू लागला. थोड्या वेळाने त्याने रेफरी रिझोली यांना विचारलं, ही फायनलच आहे ना? रिझोलींना आधी थट्टा वाटली. मग त्यांनी जर्मनीच्याच श्वाइनस्टायगरला सांगितलं आणि एकतिसाव्या मिनिटाला क्रामर बाहेर गेला. त्या सामन्यातलं फारसं काही त्याला पुढे आठवलं नाही. चौदाएक मिनिटं तो जगासमोर धावत होता आणि बघणाऱ्याला धडधाकट वाटत होता. त्याला बोटं दाखवली असती तर बहुधा त्याने तीही मोजली असती.

विचारायचंच असेल तर हे विचारा: आपण कुठल्या मैदानावर आहोत? कितवा हाफ चालू आहे? शेवटचा गोल कुणी केला? मागची मॅच कुणाशी होती, जिंकलो का? एक जरी उत्तर चुकलं तर पोरगं बाहेर. आणि सगळी बरोबर आली तरी त्याला परत खेळायची मुभा मिळत नाही. मार लागल्यावर तो निपचित पडला, उठायला वेळ लागला, पाय लटपटले, नजर शून्यात गेली, किंवा नुसतं डोकं दुखतंय, गरगरतंय, मळमळतंय, उजेड सहन होत नाही, "कसंतरीच होतंय" म्हणाला, तर यातलं एक लक्षण पुरेसं आहे. पोरं खोटं बोलतात हेही लक्षात ठेवा. बेंचवर बसायचं नसतं त्यांना.

बेशुद्धीचा मुद्दा एका वाक्यात संपतो: कन्कशन म्हणजे धक्क्याने मेंदूच्या कामात होणारा बिघाड, आणि तो झालेले बहुतेक खेळाडू बेशुद्ध होतच नाहीत.

आता ती पाच मिनिटं. धक्क्याने मेंदूच्या पेशींमधल्या क्षारांचा तोल ढळतो. तो सावरायला पेशींना एकदम जास्त ऊर्जा लागते, आणि नेमका त्याच वेळी रक्तपुरवठा कमी पडू शकतो. ही ओढाताण काही दिवस चालते. काही लक्षणं तर तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी उमटतात. तेवढ्यात खेळवलं तर प्रतिक्रिया मंदावलेली असते, चेंडू किंवा कोपर चुकवता येत नाही आणि दुसरा मार बसतो. क्वचित, पण विशेषतः कोवळ्या वयात, अशा दुसऱ्या माराने मेंदूला झपाट्याने सूज येऊन जीव गेलेला आहे. २०१६ मध्ये 'पीडिअ‍ॅट्रिक्स' या नियतकालिकात किशोर खेळाडूंचा एक अभ्यास आला. लगेच बाहेर काढलेली मुलं सरासरी २२ दिवसांत बरी झाली, खेळत राहिलेल्यांना ४४ लागले. एक हाफ वाचवायला तीन आठवडे घालवायचे, हा कुठला हिशोब?

म्हणूनच फुटबॉलच्या नियमांत आता स्पर्धा ठरवेल तर कन्कशनसाठी जादा बदली खेळाडू घेता येतो, आणि बाहेर गेलेला त्या सामन्यात परत येत नाही. आपल्या पोरांच्या मॅचमध्ये मात्र बरेचदा कितीही वेळा आत-बाहेर चालतं. तिथे मोह जास्त, म्हणून बूटच काढून घ्या.

कांद्याबद्दल काय बोलायचं? मानेला मार असू शकतो, वासाने पोरगं मान झटकेल. हलवूच नका.

झोपेच्या मुद्द्यात अर्धं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. पहिले काही तास एकटं सोडायचं नाही हे खरं. पण नीट बोलत असेल, लक्षणं वाढत नसतील, तर झोपू द्या, झोप लागतेच. उलटी झाली, डोकेदुखी वाढत गेली, झटका आला, हातपाय बधिर झाले, दोन-दोन दिसू लागलं, मान दुखू लागली, हाका मारून जाग येईना, तर थेट हॉस्पिटल. तिथे सीटी स्कॅन नॉर्मल आला तर रक्तस्राव नाही एवढंच कळतं, कन्कशन नाही असं नव्हे.

पुढे एक-दोन दिवस हलकी विश्रांती, मोबाईल कमी. मग चालणं, हलकं धावणं, चेंडूचा सराव, प्रत्येक पायरीला किमान एक दिवस. लक्षणं वाढली तर थांबून एक पायरी मागे. शाळा नीट जमू लागल्यावर आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच हेडर आणि टॅकल.