रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट बदलून नेमकं काय होतं?

"घरून ऑफिसचा पीसी वापरायला व्हीपीएन कशाला? राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करा, रिमोट डेस्कटॉपच्या नेहमीच्या ३३८९ ऐवजी ५३३८९ ठेवा, पासवर्ड भक्कम घ्या. एवढ्याशा ऑफिसच्या मागे कोण लागतंय? उगाच खर्च."

मागे कोणी लागत नाही, हे खरंच आहे. पण लागावंही लागत नाही. आयपीव्ही४चे जगात मिळून सुमारे ४२९ कोटी पत्ते आहेत आणि स्कॅन करणारे प्रोग्राम ते ओळीने चाळत असतात. पत्ता सीएच्या ऑफिसचा आहे की बँकेचा, हे त्यांना ठाऊक नसतं. आधी उत्तर देणारं मशीन सापडतं, मालक कोण ते नंतर पाहिलं जातं.

पोर्ट बदलण्याचा उपयोग शून्य नाही. फक्त ३३८९ चाळणारे पुढे जातात आणि लॉगमधली गर्दी कमी होते. पण एका पत्त्यावर टीसीपीचे पोर्ट असतात जेमतेम ६५ हजार, आणि रिमोट डेस्कटॉप कुठल्याही पोर्टवर ठेवला तरी जोडणीच्या पहिल्याच देवाणघेवाणीत ओळखू येतो. त्याच्या सर्टिफिकेटमध्ये बहुतेकदा पीसीचं नावही असतं. ACCOUNTS-PC असं नाव वाचल्यावर आत काय सापडेल, हे वेगळं सांगायला नको.

भक्कम पासवर्ड हवाच, पण तो लॉगिनच्या पायरीवर कामी येतो. मे २०१९ मध्ये उघड झालेली ब्लूकीप ही त्रुटी त्या पायरीच्या आधीची होती. विंडोज ७ आणि सर्व्हर २००८ आर२ सारख्या आवृत्त्यांत पासवर्ड न देताच आत शिरता येण्याजोगी ती होती. मायक्रोसॉफ्टने पाठबळ बंद केलेल्या एक्सपीसाठीसुद्धा तेव्हा पॅच काढला. म्हणजे पोर्ट उघडा असेल, तर अपडेट येऊन बसेपर्यंतचा प्रत्येक तास जोखमीचा.

दुसरी गोची कमी बोलली जाते. नव्याने बसवलेल्या विंडोज ११ मध्ये (२२एच२ पासून) १० चुकीच्या प्रयत्नांनंतर खातं १० मिनिटं बंद होतं. सोय चांगली आहे, पण पोर्ट उघडा असेल तर हे १० प्रयत्न बाहेरचा कोणीही करू शकतो. युजरनेम सहज ओळखण्याजोगं असेल, तर २० तारखेला जीएसटी रिटर्न भरायच्या घाईत बरोबर पासवर्ड टाकूनही तुम्हीच बाहेर. खातं का बंद पडलं ते पाहायला Event Viewer मधला Security लॉग उघडा. तिथे `4625` या क्रमांकाच्या नोंदींची रांग असेल आणि admin, tally, user1 अशी तुमच्याकडे नसलेली नावं दिसत असतील, तर बाहेरून प्रयत्न चालू आहेत.

आता खर्च. रिमोट डेस्कटॉपच्या पुढे पहारेकऱ्यासारखा बसणाऱ्या विंडोजच्या आरडी गेटवेला सर्व्हर आणि लायसन्स लागतात. पाच माणसांच्या ऑफिसला तो जड जाईल, हे मान्य. पण वायरगार्ड हा व्हीपीएन फुकट आहे आणि बऱ्याच राउटरमध्ये आधीच असतो. समजा, पीसी १९२.१६८.१०.५० वर आहे. राउटरवर वायरगार्ड चालू करा, घरच्या लॅपटॉपसाठी वेगळी की बनवा आणि लॅपटॉपवरच्या वायरगार्डमध्ये `[Interface]` च्या भागाखाली ऑफिसपुरतं एवढंच लिहा:

```
[Peer]
PublicKey = <राउटरची public key>
Endpoint = <ऑफिसचा पत्ता>:51820
AllowedIPs = 192.168.10.50/32
```

शेवटच्या ओळीतला `/32` महत्त्वाचा आहे. बोगद्यातून फक्त त्या एका पीसीची रहदारी जाते. घरचं बाकी इंटरनेट नेहमीच्या वाटेने चालतं. मात्र ही ओळ लॅपटॉपवरची आहे, ती कोणीही बदलू शकतं. म्हणून राउटरच्या फायरवॉलमध्येही व्हीपीएनवरून त्या पीसीच्या ३३८९ लाच परवानगी ठेवा, म्हणजे घरच्या लॅपटॉपवर व्हायरस आला तरी त्याला अख्खं ऑफिस मोकळं मिळणार नाही. मग जुनं फॉरवर्डिंग काढा आणि राउटरवर आपोआप पोर्ट उघडू देणारं यूपीएनपी बंद करा.

"पण ५१८२० हाही पोर्टच ना?" हो, तोही उघडाच. फरक असा की ओळखीची की नसलेल्या पाकिटाला वायरगार्ड काहीच उत्तर देत नाही, त्यामुळे चाळणाऱ्याला तिथे काही आहे हेच कळत नाही. लॅपटॉप हरवला तर त्याची एक की राउटरवरून काढायची. बाकीच्यांना काही बदलावं लागत नाही.

व्हीपीएन आणि गेटवे यांच्यातही त्रुटी निघतात. आरडी गेटवेमध्येच जानेवारी २०२० ला पासवर्डआधीची त्रुटी निघाली होती. त्यामुळे राउटरचं फर्मवेअर वर्षानुवर्षं तसंच ठेवून चालत नाही. आणि इंटरनेट कंपनी स्वतंत्र पब्लिक आयपी देत नसेल, तर ही मांडणी जमणार नाही. तो आधी मागून घ्या.

शेवटी तपासणी. लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घ्या, वायरगार्ड बंद ठेवा आणि पॉवरशेलमध्ये चालवा:

```
Test-NetConnection <ऑफिसचा पत्ता> -Port 53389
```

`TcpTestSucceeded` पुढे `False` यायला हवं. ऑफिसच्याच वायफायवरून ही तपासणी करू नका. काही राउटर आतून वेगळं उत्तर देतात. `True` आलं, तर राउटरमधला फॉरवर्डिंगचा जुना नियम अजून तसाच आहे.